राखेचं ठिगळ

गावकरी आमच्या ड्रायव्हरला गाडीतून बाहेर ओढत होते तेव्हा त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ठेवलं होतं. बोटं सुटेनात म्हणून एकाने उघड्या दारातून त्याच्या उजव्या मनगटावर दगड मारला. दगडाला डांबर चिकटलेलं होतं. रस्त्यातूनच उखडलेली खडी होती ती. तिसऱ्या की चौथ्या घावाला बोटं सुटली आणि तो त्यांच्या हातात गेला.

मी शेजारच्या सीटवर होतो. मला कुणी बोट लावलं नाही. पांढरे केस, जाड चष्मा, मांडीवर लॅपटॉपची पिशवी. "बावाजी, तुमी बसून राहा," असं एक जण मला म्हणालासुद्धा, आणि माझ्या बाजूचं दार त्याने बाहेरून लावून घेतलं.

त्यांनी त्याला बोनेटसमोर पाडलं. पोटात लाथा, पाठीत ट्रॅक्टरचा रबरी पट्टा. तो आधी शिव्या देत होता, मग आईला हाका मारू लागला, मग फक्त आवाज येत होता. उजवा हात रस्त्यावर पसरून एकाने त्यावर पाय दिला आणि ज्याची बायको अपघातात गेली होती त्याला म्हटलं, "घे भाऊ, याच हातानं चालवत होता." त्याचा स्वतःचा डावा हात गळ्यात बांधलेला होता. त्याने उजव्या हाताने दगड उचलला. मी डोळे मिटले नाहीत. मिटायला हवे होते असं नाही, पण मिटले नाहीत एवढं खरं.

काचेच्या आत, आरशाखाली लावलेला कॅमेरा चालू होता.

हे सगळं ज्या कारणाने घडलं ते कारण मी होतो. पोलिसांना मी वेगळं सांगितलं होतं. पुढे कोर्टात खरं बोललो, पण कोर्टात विचारतील तेवढंच बोलता येतं. बाकीचं इथे लिहितो.

मी बांधकामातला माणूस. रस्त्यांवर शाखा अभियंता म्हणून नोकरी केली आणि भंडाऱ्यातच निवृत्त झालो. जिल्ह्याचे दोन भाग झाले, गोंदियाकडचे रस्ते आमच्याकडून गेले, तेव्हाही मी इकडेच राहिलो. निवृत्तीनंतर एका खासगी संस्थेने मला बोलावलं. त्यांचं काम असं: गाडीच्या समोरच्या काचेला कॅमेरा लावायचा, ठरलेल्या रस्त्यावरून बेताच्या वेगाने गाडी न्यायची आणि तो व्हिडिओ संगणकाला द्यायचा. संगणक चित्रं पाहून डांबरावरच्या प्रत्येक बिघाडाभोवती चौकट काढतो आणि चौकटीवर लिहितो, खड्डा, भेगा, कडा तुटलेली, किंवा ठिगळ, म्हणजे आधीच दुरुस्त केलेली जागा. शेजारी त्याला किती खात्री वाटते तेही लिहितो. सोबत जागेची नोंद असतेच, गाडी त्या क्षणी कुठे होती आणि किती वेगात होती ती. जिथे संगणकाची खात्री कमी, तिथली चित्रं माणसाकडे येतात. तो माणूस मी. हो म्हणायचं, नाही म्हणायचं किंवा नाव बदलायचं.

संगणकाला माणसासारखाच भ्रम होतो. बाभळीची सावली त्याला खड्डा वाटते. पाण्याने काठोकाठ भरलेल्या खड्ड्यात आभाळ दिसतं, म्हणून खरा खड्डा त्याला गुळगुळीत ओला रस्ता वाटतो. आणि एका कॅमेऱ्याला खोली कळत नाही. काळं म्हणजे खोल की काळं म्हणजे नुसतंच काळं, हे तो रंगावरून आणि कडांवरून ताडतो.

आमचा ड्रायव्हर या सगळ्याची मजा घ्यायचा. चाळिशीतला, तोंडात सतत सुपारी-तंबाखूचा खर्रा, बोलायला तिखट. जवाहरनगरच्या वाटेवर एकदा लॅपटॉपवर डोकावून म्हणाला, "साहेब, तुमचा हा डब्बा आंधळा हाये का जी? शेणाच्या पोवाले खड्डा म्हणून रायला."

"म्हणूनच मला ठेवलंय."

"म्हणजे तो चुकते अन् तुमी नाही म्हणता. आमच्या घरीबी असंच चालू हाये. फक्त तिथं डब्बा मी."

मी हसलो होतो. कामाच्या गाडीत मी कुणाबरोबर इतका हसलो नव्हतो.

आता राखेविषयी. आमच्याकडे धान फार, म्हणून राइसमिलही फार. मिलच्या भट्टीत कोंडा जळतो आणि त्याची काळी राख ढिगाने उरते. ती कुणाला नको असते. म्हणून रस्त्याला खड्डा पडला की गावातली माणसं किंवा मिलवाले स्वतः त्यात ती राख भरतात, वरून पाणी मारतात, धुमसाने ठोकतात. वरवर पाहिलं तर काळं, सपाट, नुकतंच डांबर टाकल्यासारखं दिसतं. चार दिवस गाड्या त्यावरून जातातही. मग जोराचा पाऊस येतो आणि राख वाहून जाते, किंवा वाहूनही जात नाही, नुसती पिठासारखी मऊ होते आणि चाक बुडतं. इथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे. संगणकाला माहीत नव्हतं. तो राखेला ठिगळ म्हणायचा, अर्ध्यामुर्ध्या खात्रीने, आणि चित्र माझ्याकडे पाठवायचा.

वरठीकडून आत शेतांत वळणारा एक रस्ता आहे. त्याचं नाव लिहीत नाही. नोकरीच्या शेवटच्या काळात तो मी करून घेतला होता. त्यावर एक मोरी, म्हणजे छोटा पूल, आहे आणि मोरीच्या अलीकडचा भराव पावसाच्या तोंडावर टाकला गेला. तो नीट दाबून घ्यायला हवा होता. थर टाकायचा, पाणी, रोलर, पुन्हा थर. घाई होती. मी सही केली. पुढे तो भराव बसत गेला आणि वरचं डांबर तिथेच फुटत राहिलं.

पावसाळ्याच्या मध्यात आम्ही त्या रस्त्यावरून कॅमेरा घेऊन गेलो. त्यावरून दुरुस्तीच्या जागा ठरणार होत्या. दोन दिवसांनी मोरीचं चित्र माझ्यासमोर आलं. डाव्या चाकाच्या रेषेत लांबट काळा पट्टा, भोवती चौकट, वर लिहिलेलं, ठिगळ.

ती राख आहे हे मला पाहताक्षणी कळलं. डांबराला चकाकी असते, राखेला नसते. शिवाय मी तो तुकडा चालवून पाहिला. मोरी जवळ येताच सगळं दृश्य झटक्याने डावीकडे सरकतं आणि पुन्हा जागेवर येतं. म्हणजे ड्रायव्हरने गाडी उजवीकडे काढून ती जागा चुकवली होती. दुरुस्त केलेल्या जागेला कुणी वळसा घालत नाही.

मला फक्त नाव बदलायचं होतं. ठिगळाचं खड्डा. मग मोरी दुरुस्तीच्या यादीत आली असती, कुणीतरी खोदून पाहिलं असतं, खाली भुसभुशीत भराव सापडला असता, आणि तो कुणाच्या सहीने झाला हे काढायला वेळ लागला नसता. इतकी वर्षं सचोटीचा माणूस म्हणून नाव होतं माझं. मी "हो" ही खूण दाबली. ठिगळ.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एकच जागा राहिली असती. पण माणूस लबाडी करतो तेव्हा व्यवस्थित करतो. मोरीवरची राख ठिगळ आणि दुसऱ्या रस्त्यावरची राख खड्डा, असं दिसलं तर कुणीतरी विचारेल. म्हणून त्यानंतर जिथे जिथे राख आली तिथे मी ठिगळच म्हणत गेलो.

मग दोन दिवस पावसाची झड लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी वरठीच्या कारखान्यातली पाळी संपवून एक जण मोटारसायकलवर गावाकडे निघाला. मागे बायको होती. दवाखान्यात दाखवायला आली होती, औषधाची पिशवी मांडीवर. मोरीजवळ पुढचं चाक राखेत गेलं आणि गाडी जागच्या जागी उलटली. तो डाव्या हातावर पडला, हात मोडला. ती उजवीकडे, रस्त्याच्या मधोमध पडली. मागून धानाचा ट्रक येत होता. ट्रकवाल्याने ब्रेक मारला, पण पुढचं चाक तिच्या छातीवरून गेल्यावर ट्रक थांबला. हे ट्रकवाल्याने कोर्टात सांगितलं. तिचा पदर चाकात गुंतला होता आणि तो सुटेना म्हणून आपण तो दातांनी फाडला, हेही सांगितलं.

बातमी संस्थेपर्यंत आली. त्यांनी मला सांगितलं, तुम्ही स्वतः जा, त्या जागेचं पुन्हा चित्रण करा. मी ड्रायव्हरबरोबर निघालो. वाटेत तो नेहमीसारखा बोलला नाही. एकदाच म्हणाला, "साहेब, त्या जागेचं आपण तर दिलं होतं ना लिहून?"

मी म्हणालो, "बघू."

गावाने मोरीवर बैलगाडी आडवी लावली होती. दारावर रस्ता सर्वेक्षण अशी पाटी असलेली, काचेला कॅमेरा लावलेली गाडी पाहून माणसं शेतातून धावत आली. गळ्यात हात बांधलेला तो पुढे झाला आणि खिडकीशी वाकला. आवाज चढलेला नव्हता.

"मागं तुमीच आलते का कॅमेरा लावून?"

"हो जी, मीच होतो," ड्रायव्हर म्हणाला.

"मंग हा खड्डा तुमच्या कॅमेऱ्याले दिसला नाही?"

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. त्याला उत्तर खरंच माहीत नव्हतं. ते माझ्याकडेच असणार, असं त्याला वाटलं होतं. सगळे माझ्याकडे पाहू लागले. कुणाच्या हातात बैलाची पराणी होती, कुणाच्या हातात फावडं. मागून कुणीतरी गाडीच्या टपावर थाप मारली.

मी म्हणालो, "त्या दिवशी गाडी जोरात होती. चित्र हललेलं आलं."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि त्यांच्या नजरा माझ्यावरून सरकून त्याच्यावर गेल्या. मला सुटल्यासारखं वाटलं. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, खोटं काहून बोलता जी?" पण तोवर दार उघडलं गेलं होतं.

पुढचं वर लिहिलं आहे.

पोलिसांची गाडी आली तेव्हा तो बोनेटपुढे कुशीवर पडलेला होता. हाताचा पंजा चपटा झाला होता आणि दोन बोटांची हाडं बाहेर आली होती. मारणारे पळाले नव्हते. तो मोटारसायकलवाला मोरीच्या कठड्यावर दगड मांडीवर घेऊन बसलेला होता. पोलिसाने दगड मागितला तर त्याने निमूटपणे दिला.

जबाबात मी वेगाचं वाक्य पुन्हा सांगितलं. गाडीचा वेग क्षणाक्षणाला नोंदलेला होता आणि त्या दिवशी तो चाळिसाच्या वर गेलेला नव्हता. पण कुणी काढून पाहिलं नाही. एका निवृत्त अभियंत्याने सांगितलं होतं. संस्थेने ड्रायव्हरला काढून टाकलं. हातावर नागपूरला दोनदा ऑपरेशन झालं, पण मूठ मिटली नाही ती नाहीच. आणि त्याच्याच मोहल्ल्यात बायका त्याला पाहून म्हणू लागल्या, हाच तो, याच्यापायी बाई मेली.

आणखी एक गोष्ट. कॅमेऱ्यातलं चित्रण गाडी संस्थेच्या दारात आली की आपोआप संगणकाकडे जायचं. आठवडाभराने माझ्यासमोर तपासायला चित्रं आली, त्यांत ते होतं. बोनेटच्या पुढे पाय, पाठी, वर गेलेला पट्टा. माणसांचं संगणकाला काही घेणंदेणं नसतं. तो फक्त रस्ता पाहतो. पुढच्या चित्रात ड्रायव्हरला उचलून नेलेलं होतं आणि रस्त्यावर जिथे त्याचा हात होता तिथे काळपट ओला डाग उरला होता. संगणकाने त्याभोवती चौकट काढली होती. खड्डा. खात्री अर्धीमुर्धी.

मी बराच वेळ ते चित्र पाहिलं. मग "नाही" ही खूण दाबली. जो खड्डा नव्हता तो मी अचूक ओळखला.

खटला भंडाऱ्याच्या कोर्टात उभा राहिला. मारहाणीचा मी एकमेव बाहेरचा साक्षीदार. ड्रायव्हर पुढच्या बाकावर बसायचा, उजवा हात शर्टाच्या खिशात घालून. माझ्याकडे पाहायचा नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात तो विधुर. त्याच्या वकिलाला एवढंच दाखवायचं होतं की गावाचा राग अकारण नव्हता. त्याने मला विचारलं, "ड्रायव्हरने गाडी बेदरकारपणे हाकली, म्हणून खड्डा टिपला गेला नाही. हे तुमचंच म्हणणं आहे ना?"

"म्हणणं माझंच आहे," मी म्हणालो. "पण ते खोटं आहे."

 न्यायाधीशांनी मला सावकाश बोलायला सांगितलं. मी सांगितलं. चित्र स्पष्ट होतं. राख मला ओळखू आली होती. गाडीने घेतलेला वळसाही मी पाहिला होता. भराव माझा होता. पिंजऱ्यातला माणूस आधी माझ्याकडे पाहत होता. मग त्याने मान वळवून ड्रायव्हरकडे पाहिलं, आणि खिशातल्या हाताकडे पाहिलं, आणि पिंजऱ्याच्या कठड्यावर स्वतःचं कपाळ आपटलं. एकदा नाही. शिपायाने त्याला मागे ओढलं तेव्हा भुवई फुटून रक्त डोळ्यात गेलं होतं.

बाहेर व्हरांड्यात ड्रायव्हर माझी वाट पाहत उभा होता. आजवर मला साहेब आणि तुमी म्हणणारा माणूस.

"आता सांगून रायला का बे तू? हात गेल्यावर?"

मी चष्मा सरळ केला.

"मी तुयाकडं पायलं होतं तवा. आठवते का? म्हटलं, साहेब हायेत, साहेब सांगतील."

"आठवतं."

त्याने डाव्या हाताने मारलं. डावा हात सवयीचा नव्हता म्हणून पहिला फटका कानावर बसला. दुसरा तोंडावर. चष्मा गेला, वरचा एक दात तुटून ओठात रुतला, आणि मी भिंतीला टेकून खाली बसलो. त्याने पायही उचलला होता, पण मग तो तसाच खाली ठेवला. मला वाटतं त्याला मी म्हातारा दिसलो. त्याने ती लाथ मारली असती तर बरं झालं असतं.

शिपाई धावत आला. "काय झालं बाबाजी? तक्रार द्यायची आहे का?"

"यानं मारलं," मी म्हणालो. "तक्रार नाही."

ड्रायव्हर तिथेच थुंकला आणि जिना उतरून गेला. माझ्या साक्षीनंतर संस्थेने त्याला पत्र पाठवून चूक मान्य केली असं ऐकलं. मोहल्ल्यात कोण काय बोलतं ते मला माहीत नाही. मूठ त्याची अजून मिटत नाही.

माझ्या हातात एवढंच उरलं होतं की मोरीच्या चित्रावरचं नाव बदलायचं. मी संस्थेच्या नागपूरच्या कार्यालयात फोन केला. संगणकाचं काम पाहणारी एक मुलगी बोलली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, तेवढं एक बदलून काही होणार नाही. तुम्ही तपासलेली चित्रं आम्ही प्रोग्रामला शिकवायला वापरली आहेत. काळं आणि सपाट म्हणजे ठिगळ, हे तो तुमच्याकडूनच शिकलाय."

"मग आता?"

"आता तो राखेबद्दल विचारतच नाही. खात्री वाढली ना त्याची. तुमच्याकडे चित्रच येणार नाही."

 जिभेने तुटलेला दात चाचपत होतो. ज्या रस्त्यांवरून मी कधी गेलो नाही, तिथेही माझी सही चालू होती.

तिने मला जुनी चित्रणं उघडून दिली. संस्थेचा माझ्यावर विश्वास नाही, म्हणून मी बदललेलं प्रत्येक चित्र ती पुन्हा पाहते. योग्यच आहे. मी ठिगळ लिहिलेली प्रत्येक जागा चालवून पाहतो. चकाकी बघतो. आणि त्याआधी वळसा बघतो. दृश्य सरकलं की थांबतो. सगळ्या फेऱ्यांत गाडी तोच ड्रायव्हर चालवत होता. राख आली की त्याचे हात तिला न चुकता टाळायचे, त्याच्या मनात काही असो वा नसो, आणि त्याचे ते हात मी रोज पाहतो. चित्रात हात दिसत नाहीत. फक्त झाडं एका बाजूला सरकतात.

ओळखलेल्या जागा मी जाऊनही बघतो, एसटीने, कधी ऑटोने. परवा त्या मोरीवर गेलो होतो. मोरी आता दुरुस्तीच्या यादीत आहे, पण काम अजून सुरू नाही, आणि गावाने पुन्हा राख भरली आहे. मी सब्बल, म्हणजे पहार, नेली होती. रस्त्यात बसून राख उकरून काढू लागलो, खड्डा लांबून दिसावा म्हणून. उकरून झाल्यावर पळसाची फांदी तोडून त्यात रोवली. आमच्याकडे तशी खूण करतात.

वरठीकडून मोटारसायकल आली. मी ओळखलं. भुवईवर व्रण आहे. तो जामिनावर आहे. त्याने वेग कमी केला, फांदीकडे पाहिलं, सब्बलीकडे पाहिलं. मग हँडल उजवीकडे घेऊन त्याने खड्डा चुकवला आणि माझ्या पायाशी थुंकून तो गावाकडे निघून गेला.

मी फांदी जरा आणखी खोल रोवली. वाऱ्याने ती कलत होती.